सहाबांची अदालत

लहानपणी ‘अदालत’ या शब्दाचा एकच अर्थ मला ठाऊक होता. अब्बा रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देत. त्यांचा डबा घेऊन मी जायचो ती अदालत. त्यामुळे मोहल्ल्यातल्या मदरशात मौलवीसाहेब पहिल्यांदा ‘सहाबांची अदालत’ असं म्हणाले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पिंजरा, टंकलेखनाचा खडखडाट आणि समोर उभे असलेले पैगंबरांचे साथी असं चित्र आलं. मौलवीसाहेबांनी समजावलं की अरबीत अदालत म्हणजे सचोटी. ज्याच्या वागण्याला बट्टा नाही आणि म्हणून ज्याचा शब्द घेता येतो, तो आदिल. आणि नियम असा की ‘अस्सहाबतु कुल्लुहुम उदूल’, म्हणजे सहाबा सगळेच्या सगळे आदिल.

तो नियम मी पाठ केला आणि विसरलो. पुढे वकिली सुरू केली. पंधराएक वर्षांपूर्वी एका जमिनीच्या दाव्यात माझ्या बाजूच्या म्हाताऱ्या साक्षीदाराला समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, “तुम्हाला पूर्वी शिक्षा झाली होती ना?” म्हातारा “हो” म्हणाला. त्यानंतर त्याने बांधाबद्दल, विहिरीबद्दल, वहिवाटीबद्दल सांगितलेलं सगळं खरं होतं. मी स्वतः जागेवर जाऊन पाहिलं होतं. पण त्या ‘हो’नंतर त्याच्या शब्दाचं वजन कोर्टात उतरलं ते उतरलंच. त्या रात्री घरी येऊन मी मौलवीसाहेबांचा तो नियम पुन्हा काढला. शिक्षा झालेला सहाबी असेल, तर त्याच्या शब्दाचं काय, हा प्रश्न मनातून जाईना. शोधायला लागलो तर कळलं की असा माणूस खरोखर होता, त्याचा खटला नीट नोंदलेला आहे, आणि त्याने सांगितलेल्या हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी, आज बुखारी यांच्या ‘सहीह बुखारी’ या संग्रहात आहेत.

त्यांचं नाव अबू बकरा. पहिले खलिफा अबू बक्र ते हे नव्हेत. यांचं मूळ नाव नुफै. ताइफमधले गुलाम. हिजरी ८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३० साली, पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या सैन्याने ताइफला वेढा घातला, तेव्हा हे तटावरून रहाटाच्या आधाराने खाली उतरून मुसलमानांना येऊन मिळाले. अरबीत रहाटाला ‘बकरा’ म्हणतात, म्हणून ‘अबू बकरा’, रहाटवाले. पैगंबरांनी त्यांना गुलामीतून मुक्त केलं. पुढे ते इराकमधल्या बसऱ्याला राहायला गेले. परंपरेच्या मोजणीप्रमाणे त्यांच्या नावावर १३२ हदीस आहेत.

हिजरी १७ च्या सुमाराला बसऱ्याचे सुभेदार होते मुगीरा इब्ने शोअबा, तेही सहाबी. तबरीच्या इतिहासातल्या एका रिवायतीप्रमाणे, म्हणजे कुणी सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, मुगीरा आणि अबू बकरा यांची घरं रस्त्याच्या दोन बाजूंना, माडीच्या खोल्या समोरासमोर. एके दिवशी अबू बकरांच्या माडीवर चार-पाच जण बोलत बसले होते. वाऱ्याने खिडकीचं दार उघडलं. अबू बकरा ते लावायला उठले आणि पाहतात तर समोर मुगीरांच्या खोलीची खिडकीही वाऱ्याने उघडलेली, आणि आत मुगीरा एका स्त्रीबरोबर. त्यांनी बसलेल्यांना हाक मारली, “या, पाहा आणि साक्षी राहा.” ती स्त्री उम्मे जमील, असं त्यांचं म्हणणं.

तक्रार मदीनेला खलिफा उमर यांच्याकडे गेली. उमर यांनी अबू मूसा अशअरी यांना नवे सुभेदार म्हणून पाठवलं आणि मुगीरांना व साक्षीदारांना बोलावून घेतलं. साक्षीदार चार: अबू बकरा, नाफे, शिब्ल इब्ने मअबद आणि झियाद. त्यांतले अबू बकरा, नाफे आणि झियाद एकाच आईचे मुलगे.

मुगीरांनी जो बचाव घेतला तो आजही कुठल्याही फौजदारी वकिलाला ओळखीचा वाटेल. यांनी मला समोरून पाहिलं की पाठीमागून? बाईला कशावरून ओळखलं? माझ्या घरात मी माझ्या बायकोजवळ होतो, आणि ती उम्मे जमीलसारखी दिसते. म्हणजे प्रसंग नाकारायचा नाही, ओळख नाकारायची. तीन साक्षीदारांनी ठाम साक्ष दिली. चौथे झियाद उभे राहिले. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, पण सुरमादाणीत सळई जावी तसं पाहिलंत का, या प्रश्नाला ते “नाही” म्हणाले. कुराणाला व्यभिचाराच्या साक्षीत चार जण लागतात. चौथा गळला, की उरलेले तीन साक्षीदार राहत नाहीत, आळ घेणारे होतात. उमर यांनी तिघांना ऐंशी-ऐंशी फटके मारवले.

मग उमर यांनी तिघांना तौबा करायला सांगितलं, म्हणजे आपलं म्हणणं खोटं होतं असं जाहीर करायला. बुखारीने साक्षीवरच्या प्रकरणात ही गोष्ट मथळ्याखाली थोडक्यात दिली आहे: उमर यांनी अबू बकरा, शिब्ल आणि नाफे यांना फटके मारले, तौबा करायला सांगितली आणि म्हणाले, जो तौबा करेल त्याची साक्ष मी घेईन. इतर रिवायतींप्रमाणे नाफे आणि शिब्ल यांनी शब्द मागे घेतला. अबू बकरांनी घेतला नाही. फटके खाऊन उठल्यावरही ते पुन्हा म्हणाले की मुगीरांनी ते केलंच. उमर त्यांना पुन्हा फटके मारायला निघाले, तेव्हा पैगंबरांचे जावई अली म्हणाले, याला आता मारणार असाल तर मुगीरांनाही दगडांनी मारावं लागेल. मला हा युक्तिवाद फार आवडतो. हे बोलणं नवी साक्ष धरली तर चार साक्षी पुऱ्या होतात, आणि जुनीच धरली तर तिची शिक्षा भोगून झाली आहे. उमर थांबले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कुराणातल्या सूरा नूरच्या चौथ्या आयतीचा भावार्थ असा: जे सच्छील स्त्रियांवर आळ घेतात आणि चार साक्षीदार आणत नाहीत, त्यांना ऐंशी फटके मारा, त्यांची साक्ष पुन्हा कधीही घेऊ नका, आणि तेच फासिक आहेत. फासिक म्हणजे मर्यादा मोडून गेलेला. आदिलच्या अगदी उलट शब्द. पाचवी आयत सवलत देते: मात्र ज्यांनी त्यानंतर तौबा केली आणि स्वतःला सुधारलं, ते वगळून. हे ‘वगळून’ कशाला लागू, यावर मोठा वाद आहे. इस्लामी कायद्याच्या शाखांपैकी हनफी म्हणतात, तौबेने फासिकपणाचा डाग जातो, पण साक्ष कायमची बाद. शाफई म्हणतात, डागही जातो आणि साक्षही परत मिळते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, त्यामुळे हा मतभेद मला लहानपणीच ऐकून माहीत होता. पण अबू बकरांच्या बाबतीत दोन्ही बाजू एकाच ठिकाणी पोचतात. त्यांनी तौबाच केली नाही. आयत शब्दशः लावली तर ते साक्षीला अपात्र आणि वर फासिक.

तरीही त्यांच्या हदीस कुणी टाकल्या नाहीत.

यात वकिलाच्या डोळ्याला लगेच दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. याच खटल्यातले आरोपी मुगीरा, त्यांच्याही हदीस बुखारीत आहेत. तबूकच्या मोहिमेत पैगंबरांनी वुजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, चामडी मोज्यांवरून ओला हात फिरवला ही प्रसिद्ध हदीस त्यांचीच, आणि थंडीच्या मुलखांत लाखो लोक आजही त्याप्रमाणे वागतात. म्हणजे फिर्यादी आणि आरोपी, दोघेही आदिल. एकाचं खरं असेल तर दुसऱ्याने पाप केलं. दुसऱ्याचं खरं असेल तर पहिल्याने आळ घेतला. जगातलं कुठलंही न्यायालय या दोघांना एका वेळी निष्कलंक म्हणू शकत नाही. हदीसवाल्यांनी कसं म्हटलं?

त्यांचं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी खटल्याच्या आतली. शाफई पंडित अबू इसहाक शिराझी म्हणतात की अबू बकरांनी आळ घेतला नव्हता, साक्ष दिली होती. शिव्या देताना कुणाला व्यभिचारी म्हणणं वेगळं आणि बोलावल्यावर न्यायाधीशापुढे उभं राहून पाहिलेलं सांगणं वेगळं. चौथा माणूस कच्चा निघाला म्हणून उमर यांनी आपल्या विचाराने शिक्षा दिली. त्याने तिघांच्या सचोटीला धक्का लागत नाही. मुगीरांचा बचावही यात बसून जातो: अबू बकरांनी पाहिलं ते खरं, त्यांना वाटलं ते चूक. दोघेही आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते.

दुसरी पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. चौथ्या हिजरी शतकातले हदीसपंडित अबू बक्र इस्माईली यांनी म्हटलं की शहादत आणि रिवायत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साक्षीत मी एका ठरावीक माणसाविरुद्ध किंवा बाजूने बोलतो. माझ्या शब्दाने त्याचं घर जातं किंवा पाठ फुटते, म्हणून तिथे अटी कडक: संख्या, नातं, वैर, मागची शिक्षा. रिवायतीत मी ऐकलेलं पुढे पोचवतो. ते मलाही तितकंच लागू होतं जितकं ऐकणाऱ्याला. म्हणून साक्षीतून बाद झालेला माणूस रिवायतीतून आपोआप बाद होत नाही. आणि इस्माईलींच्या म्हणण्याप्रमाणे, अबू बकरा शेवटपर्यंत हटले नाहीत हे ठाऊक असूनही कुणीही त्यांच्याकडून हदीस घ्यायचं थांबवलं नाही.

याचं वजन कळायला बाकीच्या रावींना, म्हणजे हदीस पुढे सांगणाऱ्यांना, काय कसोटी होती ते आठवावं लागतं. सहाबांनंतरच्या प्रत्येक पिढीतल्या माणसाला दोन प्रश्न विचारले जात: हा आदिल आहे का, आणि याची आठवण किंवा वही पक्की आहे का. आदिल म्हणजे मुसलमान, वयात आलेला, शहाणा, मोठ्या पापांपासून आणि मुरुव्वतीला उणेपणा आणणाऱ्या वागण्यापासून दूर. आपल्या ‘भीडमुर्वत’मधला मुर्वत तो हाच. या चौकशीचं नाव जिरह व तअदील. उत्तरेकडच्या कोर्टात उलटतपासणीला जिरहच म्हणतात, आणि मूळ अर्थ जखम करणं असा आहे. एखादा रावी खोटं बोलताना एकदा सापडला, की त्याच्या सगळ्या हदीस गेल्या. हे शास्त्र असं निर्दय आहे. आणि त्याच शास्त्राने सांगणाऱ्यांच्या साखळीच्या सर्वांत वरच्या कडीपाशी, म्हणजे सहाबांपाशी, येऊन जिरह थांबवली.

का थांबवली, याचं कारण एका भाजीच्या जुडीत आहे. हिजरी ३६ मध्ये, इ.स. ६५६ साली, बसऱ्याजवळ जमलची लढाई झाली. एका बाजूला अली, दुसऱ्या बाजूला तल्हा, झुबैर आणि पैगंबरांच्या पत्नी आयशा. सहाबा सहाब्यांवर चालून गेले. पुढच्या शतकात त्याच बसऱ्यात मोतझिला पंथाचा आद्य पुरुष वासिल इब्ने अता म्हणाला की या दोन पक्षांपैकी एक नक्की फासिक, फक्त कुठला ते आपल्याला ठरवता येत नाही. म्हणून अली आणि तल्हा दोघांनी मिळून माझ्यापुढे भाजीच्या एका जुडीबद्दल साक्ष दिली, तरी मी ती घेणार नाही. अलींच्या बाजूचे दोघे आले तर घेईन, तल्हांच्या बाजूचे दोघे आले तरी घेईन, पण दोन्हीकडचा एकेक आला तर नाही, कारण त्यातला एक नक्की बाद.

तर्क म्हणून यात फट नाही. पण तो हदीसवर लावला की काय होतं? बहुतेक मोठे सहाबा त्या यादवीच्या कुठल्या ना कुठल्या बाजूला किंवा कडेला होते. प्रत्येकाची चौकशी करायची तर करणार कोण? चौकशीची साधनं म्हणजे पुन्हा त्याच लोकांच्या रिवायती. शिया परंपरेने वेगळी वाट घेतली. सहाबी असणं हा मान आहे पण हमी नाही, प्रत्येकाला त्याच्या वागण्यावरून तपासा, असं तिथल्या रावीशास्त्राचं म्हणणं. सुन्नी हदीसवाल्यांनी दार बंद केलं. रय्य इथले अबू झुरआ राझी यांचं एक वाक्य खतीब बगदादींनी जपून ठेवलं आहे. सहाबांना उणं बोलणाऱ्या लोकांबद्दल ते म्हणतात, ‘यांना आमच्या साक्षीदारांना जखमी करायचं आहे, म्हणजे किताब आणि सुन्नत आपोआप रद्द होतील.’ आमचे साक्षीदार! हे वाचताना मला तो म्हातारा आठवला. वकिलाला पक्कं ठाऊक असतं की बांधावर वाद घालत बसण्यापेक्षा बांध सांगणाऱ्याला पाडणं सोपं.

कुराणाच्या आयतींचे आधार त्यांनी दिलेच. सर्वांत आधी हिजरत केलेले, मदत केलेले, झाडाखाली शपथ घेतलेले, यांच्यावर अल्लाह राजी आहे अशा त्या आयती. पण अबू झुरआंचं ते वाक्य वाचल्यावर वाटतं की श्रद्धेइतकीच इथे कामाची गरज होती.

दार बंद झाल्याचा परिणाम असा झाला की सगळी शंका एक पायरी खाली सरकली. हे पाहायला अबू बकरांचीच सर्वांत गाजलेली हदीस घेऊ. इराणच्या लोकांनी किसराच्या, म्हणजे त्यांच्या बादशहाच्या, मुलीला गादीवर बसवलं, ही बातमी ऐकून पैगंबर म्हणाले की ज्या लोकांनी आपला कारभार स्त्रीच्या हाती दिला त्यांचं भलं होणार नाही. अबू बकरा सांगतात की जमलच्या दिवसांत मी त्या बाजूला जाऊन लढायच्या बेतात होतो, तेव्हा या एका वाक्याचा अल्लाहने मला उपयोग करून दिला. म्हणजे ऐकल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी हे वाक्य वर आलं. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांनी १९८७ मध्ये नेमकं हेच उचललं: ज्याला खोट्या साक्षीबद्दल फटके बसले, त्याच्या एकट्याच्या शब्दावर निम्म्या मुसलमानांना सत्तेबाहेर कसं ठेवता? त्यांचा संताप मला समजतो, आणि वेळेबद्दलचा त्यांचा प्रश्न मला आजही सुटलेला वाटत नाही. पण फटक्यांचा मुद्दा हदीसवाल्यांपुढे नवा नव्हता. तो त्यांनी हजार वर्षांपूर्वी उघडपणे मांडून, शहादत आणि रिवायत वेगळी करून, निकालात काढला होता.

त्यांनी शंका कुठे घेतली ते बघा. बुखारीत या हदीसची साखळी अशी आहे: उस्मान इब्ने हैसम यांना औफ यांनी सांगितलं, औफ यांना हसन बसरी यांनी, हसन यांना अबू बकरांनी. सगळं लक्ष हसन आणि अबू बकरा यांच्यामधल्या सांध्यावर गेलं. हसन बसरी साधू म्हणून थोर, पण मधला माणूस गाळून थेट वरच्याचं नाव घ्यायची त्यांची सवय प्रसिद्ध होती. ते हिजरी २१ च्या सुमाराला जन्मले, अबू बकरा ५१ किंवा ५२ मध्ये बसऱ्यात वारले. एकच गाव, आणि हसन तेव्हा तिशीचे. ऐकणं शक्य होतं. पण ऐकलं का? बुखारीचे गुरू अली इब्नुल मदीनी म्हणाले की हसन यांनी अबू बकरांकडून ऐकल्याचा पुरावा आम्हाला एकाच दुसऱ्या हदीसमधून मिळाला. ती हदीस पैगंबरांच्या नातवाबद्दल आहे, की ‘हा माझा मुलगा सय्यद आहे, याच्या हातून कदाचित अल्लाह मुसलमानांच्या दोन मोठ्या गटांत समेट घडवील.’ तिथे हसन स्पष्ट म्हणतात, ‘मी अबू बकरांना ऐकलं.’ एवढा एक शब्द, ‘ऐकलं’. बुखारीला तो पुरला. चौथ्या हिजरी शतकातल्या बगदादच्या दारकुत्नींना पुरला नाही. त्यांनी बुखारीतल्या अशा हदीसवर बोट ठेवलं आणि म्हटलं की हसन हे अबू बकरांचं सांगणं अहनफ इब्ने कैस यांच्यामार्फत घेतात, थेट नाही.

फटके खाल्लेल्या, तौबा न केलेल्या माणसाबद्दल शंकेचा एक शब्द नाही, आणि त्याच्याकडून ऐकणाऱ्या संताच्या एका क्रियापदावर पिढ्यानपिढ्या वाद. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला अन्याय वाटला होता. आता वाटतं की बारकाईची ही सवयच त्या बंद दारामुळे आली. वर पाहायची मुभा नाही म्हटल्यावर खालची प्रत्येक कडी नखाने खरवडून पाहिली गेली.

याच कारणाने साखळीत ‘एका माणसाने मला सांगितलं’ असं आलं तर ती कमकुवत ठरते, पण ‘पैगंबरांच्या एका साथीदाराने मला सांगितलं’ असं आलं तर बहुतेकांच्या मते चालते. नाव नसलं तरी आदिल असल्याची खात्री नियमाने दिली आहे. मग सहाबी कोण, हाच मोठा प्रश्न होतो. नवव्या हिजरी शतकातल्या इब्ने हजर यांची व्याख्या अशी: ज्याने श्रद्धेने पैगंबरांची भेट घेतली आणि जो इस्लामवर मेला. एक भेटही पुरे. त्यांच्या ‘इसाबा’ या कोशात बाराएक हजार नोंदी आहेत, आणि कोण खरा सहाबी आणि कोणाला चुकून सहाबी धरलं याची छाननी त्यात आहे. माझरी नावाच्या पंडितांनी म्हटलं होतं की आदिल म्हणजे एक दिवस पाहून गेलेला नव्हे, ज्याने साथ दिली, मदत केली तोच. त्यांना उत्तर मिळालं की मग वाइल इब्ने हुज्र आणि मालिक इब्ने हुवैरिस यांच्यासारखे लोक गळतील. हे थोडे दिवस येऊन राहून गेले, आणि नमाज कशी पढायची हे आपल्याला त्यांच्याकडूनही कळतं.

इथे एक गैरसमज होतो, तो मलाही होता. आदिल म्हणजे न चुकणारा नव्हे. मृताच्या घरच्यांच्या रडण्याने मृताला यातना होतात, असं इब्ने उमर सांगत. आयशांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, अल्लाह त्यांना क्षमा करो, ते खोटं बोलले नाहीत, पण विसरले किंवा चुकले. ‘मुस्लिम’च्या संग्रहात हे आहे. नियम फक्त एवढंच म्हणतो की सहाबी पैगंबरांच्या नावाने जाणूनबुजून खोटं रचत नाही. विसर, अर्धवट ऐकणं, संदर्भ सुटणं, याला दार उघडं आहे.

तरी या नियमाला जिथे खरोखर ताण बसतो ती जागा वेगळी आहे. सूरा हुजुरातची सहावी आयत सांगते, ‘एखादा फासिक तुमच्याकडे बातमी घेऊन आला तर नीट चौकशी करा.’ हदीसची सगळी जिरह ज्या आयतींवर उभी आहे त्यांत ही पुढची. आणि ती कुणाबद्दल उतरली? कोर्दोबाचे इब्ने अब्दुल बर्र सांगतात की कुराणाच्या जाणकारांत यावर मतभेद नाही: वलीद इब्ने उकबाबद्दल. त्याला बनू मुस्तलिक टोळीकडे जकात गोळा करायला पाठवलं होतं, आणि तो परत येऊन म्हणाला की ते देत नाहीत. ते खोटं निघालं. हा वलीद सहाबी आहे. पुढे तो कूफ्याचा सुभेदार झाला आणि दारूसाठी खलिफा उस्मान यांच्या काळात फटके खाल्ले. म्हणजे रावींना तपासायचा हुकूम ज्या माणसामुळे आला, तोच तपासाच्या बाहेर असलेल्या वर्गात.

वलीदच्या नावावर एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. मक्का जिंकल्यावर लोक मुलांना पैगंबरांकडे आणत, ते डोक्यावरून हात फिरवत. मलाही नेलं, पण माझ्या डोक्याला केशराचं सुगंधी उटणं लावलेलं होतं म्हणून त्यांनी मला हात लावला नाही. इब्ने अब्दुल बर्र यांनी ही हदीस फेटाळली, आणि कारण तारखांचं आहे: पैगंबरांच्या हयातीत जकात गोळा करायला गेलेला माणूस हिजरी ८ मध्ये कडेवरचं पोर कसा असेल? तर्क बिनतोड आहे. पण दोष कुणावर गेला? वलीदवर नाही. त्याच्याकडून सांगणाऱ्या अबू मूसा हमदानी नावाच्या माणसावर, जो कोण ते कुणालाच माहीत नाही. ही ओळ मी तीनदा वाचली. सगळ्यांना ठाऊक असलेला माणूस सुटतो आणि कुणालाच ठाऊक नसलेल्यावर खापर फुटतं. इथे मात्र मला पटत नाही की हा योगायोग आहे.

माझ्या मनाला थोडा दिलासा दिला तो येमेनच्या इब्नुल वझीर यांनी. ते इसवी सनाच्या पंधराव्या शतकातले, झैदी शिया घराण्यातले, म्हणजे मुआविया, अम्र इब्नुल आस आणि मुगीरा यांच्याबद्दल जिथे मनात राग असतो अशा घरातले. त्यांनी वाद न घालता मोजणी केली. सुन्नींच्या सहा प्रमुख हदीससंग्रहांतल्या या तिघांच्या हदीस एकेक करून काढल्या आणि प्रत्येकीसमोर दाखवलं की तीच गोष्ट दुसऱ्या कुणी सहाबीनेही सांगितली आहे. यांना वगळलंत तरी धर्मातला नियम जात नाही. नियम खरा की खोटा, हे त्यांनी ठरवलंच नाही. दोन्ही बाजूंना मान्य होईल असा हिशेब मांडला. वकील म्हणून मला यापेक्षा चांगला दस्त दिसलेला नाही. एकट्याच्या शब्दावर उभ्या असलेल्या हदीसबाबत, उदाहरणार्थ अबू बकरांच्या त्या गाजलेल्या वाक्याबाबत, असाच हिशेब मांडून बघायला हवा असं मला वाटतं. तिथे दुसऱ्या सहाबीचं नाव आधाराला येत नसेल, तर ते वाक्य किती वजन पेलतं, याची चर्चा सहाबीला खोटारडा न म्हणताही करता येते.

अबू बकरांचं पुढचं आयुष्य बसऱ्यातच गेलं. त्यांनी मुगीरांबद्दलचा शब्द कधी मागे घेतला नाही आणि हदीस सांगणंही थांबवलं नाही. पण हदीससंग्राहक बैहकींनी दिलेली एक रिवायत आहे. व्यवहाराचा कागद करताना कुणी त्यांना साक्षीदार म्हणून नाव घालायला आलं, की ते त्याला परत पाठवत. म्हणत, “दुसरा कुणी साक्षीदार बघ. मुसलमानांनी मला फासिक ठरवलं आहे.”

त्या म्हाताऱ्याच्या दाव्याचा निकाल लागला तेव्हा तो हयात नव्हता. त्याच्या साक्षीची कागदं माझ्याकडे आहेत. अबू बकरांचं हे वाक्य मी त्याच फायलीत, त्याच्या ‘हो’च्या पानाला लावून ठेवलं आहे.